केळे वाकडे का असते, हे जळगावात कोणालाच माहीत नाही

रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसांना एकच गमतीदार प्रश्न विचारायचा आणि त्यांच्या प्रतिक्रिया जोडून शेवटी हशा मिळवायचा, असा व्हिडिओ करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. हा व्हिडिओ लोकांच्या उत्तरांवर चालत नाही. उत्तरे ही कच्चा माल असतात. विनोद आपल्या घरी, पंख्याखाली, संकलनाच्या पडद्यावर तयार होतो. हे एकदा पटले की लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचा त्रास उरत नाही.

प्रश्न निवडताना तो एका दमात विचारता येईल आणि ऐकणारा क्षणभर तरी थबकेल, एवढे पाहावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटका होईल असा प्रश्न घेऊ नये, कारण त्यातून चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. खानदेशात काम करायचे असेल तर ‘केळे वाकडे का असते?’ हा प्रश्न उत्तम. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील माणसाला केळ्यावरून अडवण्यात एक वेगळीच चव आहे. धोका एवढाच की येथे एखाद्याला खरे उत्तर माहीत असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्यावरचा इलाज पुढे सांगतो.

जागा म्हणून जळगावचे बसस्थानक घ्यावे, कारण तेथे माणूस वाट पाहत उभा असतो आणि पळून जाऊ शकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की दुपारी बाहेर पडू नये. लोक डोळे बारीक करून बोलतात आणि हसणे व वैतागणे यांतला फरक कॅमेऱ्याला कळत नाही. सकाळी सावलीत उभे राहावे, कॉलरचा माइक वाऱ्यापासून झाकावा, कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि स्वतः नेहमी कॅमेऱ्याच्या एकाच बाजूला उभे राहावे. असे केले म्हणजे सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला जातात आणि कोणाचाही चेहरा कोणाच्याही वाक्यापुढे लावता येतो. निघण्यापूर्वी अर्धा मिनिट कोणीही न बोलता स्थानकाचा नुसता गोंगाट ध्वनिमुद्रित करून ठेवावा. तो पुढे चुन्यासारखा कामी येतो. दोन तुकड्यांमधली फट त्याने लिंपता येते.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, चोपड्याकडचे एक आप्पा बाकाशेजारी पिशवी खाली ठेवून उभे आहेत. आपण ‘आप्पा, केळे वाकडे का असते?’ असे विचारतो. आप्पा गाड्या लागतात त्या दिशेला बघत अडीच सेकंद गप्प राहतात आणि मग बोलू लागतात, ‘दख भो, घड खाले लोंबस, पन केळं वर दखस, म्हनीसन ते वाकडं व्हस.’ एवढ्यावर न थांबता ते तळहात उलटा धरून, बोटे हळूहळू वर वळवून फणी कशी फिरते हे दाखवतात, आणि केळफुलाचे एकेक पान उचलत जाते तशी आतली कोवळी केळी आधी खाली तोंड करून असतात, मग वर वळतात, हेही सांगतात. वनस्पतिशास्त्रात याला ऋण गुरुत्वानुवर्तन म्हणतात. गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने वाढणे, असा त्याचा अर्थ. आप्पांनी तो शब्द न वापरता सगळा पाठ चाळीस सेकंदांत संपवला. तेवढ्यात चोपड्याची बस फलाटाला लागते, आप्पा पिशवी उचलतात आणि म्हणतात, ‘गाडी उनी मन्ही.’

आपल्या हाती सोने लागले आहे, फक्त मधली चाळीस सेकंदे काढून टाकायची आहेत. प्रश्न, अडीच सेकंदांची शांतता, आणि ‘गाडी उनी मन्ही’. शेतकऱ्याला केळ्याचे विचारले आणि त्याने पळ काढला! तुकडा अजून रंगवायचा असेल तर शांततेनंतर कॉलेजच्या एका ताईचे हसू लावावे. त्या ताई मैत्रिणीच्या घसरलेल्या चपलेवर हसत होत्या, पण प्रेक्षकाला चप्पल दिसत नाही.

या युक्तीला मोठी परंपरा आहे, म्हणून संकोच करू नये. रशियाचे चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर आणि एकदा एका स्त्रीनंतर जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा पाहिली, असे सांगितले जाते. त्या नटाला निदान आपण नट आहोत हे ठाऊक होते. आप्पांना ठाऊक नसते, आणि त्यामुळेच त्यांचा अभिनय अधिक नैसर्गिक वाटतो.

मांडणीत क्रम सांभाळावा. पहिल्या दोन सेकंदांत प्रश्न ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर अंगठा पुढे सरकतो. मग दोन-तीन बरी उत्तरे एकापाठोपाठ घ्यावीत. ‘त्याला कोणी सरळ केलंच नाही’ म्हणणारा एखादा मुलगा हमखास सापडतो, आणि त्याचे उत्तर खरोखर चांगले असल्यामुळे त्याला काटछाट लागत नाही. आप्पांना शेवटी ठेवावे. त्यांची शांतता मात्र ताणू नये. तीन सेकंदांच्या पुढे गेली की प्रेक्षक हसायचा थांबतो आणि माणसाकडे बघू लागतो, जे आपल्याला मुळीच परवडणारे नाही.

पकडले जाण्याच्या जागाही ठाऊक असाव्यात. मागे चाललेली गाडीची घोषणा अर्ध्या शब्दात तुटली, तर मधले काही कापले हे कोणालाही कळते. तेथे तो राखून ठेवलेला गोंगाट पसरावा. त्याहून वाईट म्हणजे पिशवी. शांततेत ती जमिनीवर होती आणि पुढच्याच क्षणी आप्पांच्या हातात आहे. नेमक्या त्या सांध्यावर ताईंचे हसू टाकावे आणि ते संपण्याआधीच आप्पांचा आवाज सुरू करावा. कान पुढे गेला की डोळा मागचे विसरतो. परतताना चेहरा दाखवू का, असे विचारून हो म्हणवून घेतले असेलच. आप्पांनी ते स्वतःच्या उत्तरासाठी म्हटले होते, पण तसे कागदावर कोठे लिहिलेले नसते.

व्हिडिओ पसरल्यावर चोपड्याहून एखादा पुतण्या विचारीलच की काकांनी पूर्ण सांगितले होते, ते कुठे गेले. त्याला हात जोडणाऱ्या चिन्हासह ‘दुसऱ्या भागात नक्की’ असे कळवावे आणि त्याच दिवशी मूळ चित्रण मोबाइलमधून काढून टाकावे. चाळीस सेकंदांचे असले तरी ते जागा फार खाते.