जेवून लगेच उजव्या कुशीवर? कृपया नको

"छातीत जळजळ आम्ल जास्त झाल्याने नाही, कमी पडल्याने होते. आम्ल कमी असलं की जठराच्या तोंडाची झडप नीट मिटत नाही. म्हणून जेवल्यावर दोन चमचे व्हिनेगर पाण्यातून घ्या आणि लगेच उजव्या कुशीवर आडवे व्हा, अन्न पटकन खाली उतरतं. रात्री त्रास झालाच तर खाण्याचा सोडा घ्या. गोळ्या कायमच्या सुटतील. सगळ्यांना पाठवा."

हे मला काकूने पाठवलं, वर स्वतःची ओळ जोडून: "बघ, तुझ्या त्या नळीपेक्षा सोपं आहे." नळी म्हणजे मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत उतरवायची आणि अन्ननलिकेत कुठे किती दाब आहे तो पडद्यावर बघायचा, हे माझं रोजचं काम. काकूच्या अन्ननलिकेला आधीच व्रण आहेत. तिने त्या मजकुरावर विश्वासून गोळ्या बंद केल्या होत्या, त्यामुळे पुढचं थोडं चिडून लिहिलेलं आहे.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे उघडझाप करणारं दार नसतं. तिथे तीन-चार सेंटीमीटर लांबीचं स्नायूचं कडं असतं आणि ते जवळजवळ सतत आवळलेलं असतं. जठरातल्या दाबापेक्षा तिथला दाब साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा इतका जास्त असतो. त्याच जागी बाहेरून छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाचे स्नायू वेढा घालतात, म्हणजे आपण खोकलो किंवा वाकलो तरी आणखी एक आवळ मिळतो. घास गिळला की कडं काही सेकंद सैल पडतं, घास जातो, कडं पुन्हा आवळतं. आम्लाची पातळी बघून मिटायचं की नाही हे ते ठरवत नाही. १९७१ साली कॅस्टेल आणि लिव्हाइन यांनी मोजून पाहिलं तेव्हा तर उलटंच दिसलं होतं: जठरातलं आम्ल मारलं की कड्याचा दाब वाढला. त्यामागचं त्यांचं स्पष्टीकरण पुढे फारसं टिकलं नाही, पण व्हिनेगरवाल्यांना त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय ज्या जठराचा स्वतःचा रस व्हिनेगरपेक्षा आंबट असतो, त्यात दोन चमचे व्हिनेगर घालून काय साधणार? व्रण असलेल्या अन्ननलिकेवरून ते आधी खाली जातं, एवढाच त्याचा खरा परिणाम. व्हिनेगरचा मुद्दा माझ्यापुरता संपला.

मग कडं हरतं कशामुळे? बहुतेकांना वाटतं की ते वयानुसार ढिलं पडतं आणि मग कायम उघडं राहतं. माझ्यासमोर तपासणीला येणाऱ्या कितीतरी जणांचा आवळलेल्या अवस्थेतला दाब अगदी ठीक असतो, आणि ते ऐकून ते जवळजवळ नाराज होतात. याचं उत्तर १९८२ साली डॉड्स आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दिलं, आणि आजही मी ज्याला त्याला तेच सांगते. त्यांनी अन्ननलिकादाह असलेले दहा रुग्ण आणि दहा निरोगी माणसं घेतली, त्यांना आडवं ठेवलं आणि आम्ल वर येत असताना नेमकं त्याच क्षणी कड्याचा दाब किती आहे हे नोंदवलं. निरोगी माणसांत आम्ल वर आलं त्यातल्या ९४ टक्के वेळा कडं काही काळ आपणहून सैल झालं होतं, घास गिळलेला नसताना. रुग्णांतही ६५ टक्के वेळा हेच. पोटातला दाब अचानक वाढून कडं हरलं असं १७ टक्के वेळा झालं, आणि दाब मुळातच इतका कमी की आम्ल वाहतच वर आलं असं फक्त १८ टक्के वेळा.

हे आपणहून सैल होणं बिघाडातून येत नाही. ढेकर देता यावी म्हणून शरीराने ठेवलेली सोय आहे ती. जठराचा वरचा भाग ताणला गेला की तिथल्या संवेदना व्हेगस नावाच्या चेतातंतूतून मेंदूच्या देठाकडे जातात आणि तिथून त्याच तंतूतून उलट हुकूम येतो: सैल हो. कडं सैल होतं आणि गंमत म्हणजे श्वासपटलाचा तो बाहेरचा वेढाही त्याच वेळी ढिला पडतो. गिळताना कडं पाच-सात सेकंद उघडतं, इथे मात्र दहा सेकंदांहून जास्त, कधीकधी तर अर्धा मिनिट. पडद्यावर हे फार स्पष्ट दिसतं. घशाकडून गिळण्याची लाट आलेली नसते आणि खालचा रंगीत पट्टा मात्र एकाएकी फिका पडतो.

आता उजव्या कुशीकडे येऊ, कारण मजकुरातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे.

समजा काकू रात्री नऊला पोटभर जेवली आणि सव्वानऊला आडवी झाली. जठर ताणलेलं आहे, म्हणजे सैल होण्याचे हुकूम सुटायला याहून चांगली वेळ नाही. जेवणानंतर जठराच्या मधल्या भागातलं आम्ल अन्नामुळे सौम्य होतं, पण अगदी वर, कड्याला लागून, नव्याने सुटलेल्या तीव्र आम्लाचा एक थर अन्नात न मिसळता साठतो. ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की जेवणानंतर जठराच्या मुख्य भागाचा पीएच ४.७ असताना या थराचा १.६ होता. म्हणजे जेवण झालं की सर्वांत जहाल द्रव नेमका दाराशी येऊन थांबलेला असतो.

काकू बसलेली असती तर जठरातली हवा वरच्या घुमटात, कड्याच्या जवळ जमली असती. कडं सैल झालं असतं तेव्हा बहुतेक वेळा ती हवाच बाहेर पडली असती आणि काकूने ढेकर दिली असती. आडवं झालं की हवा तिथून सरकते आणि द्रव कड्यापाशी येतो. उजव्या कुशीवर तर जठराचा मोठा घुमट वर जातो आणि अन्ननलिकेचा जोड द्रवाच्या पातळीखाली बुडतो. डाव्या कुशीवर नेमकं उलटं: घुमट खाली, द्रव त्यात, आणि जोड वर, कोरडा. कडं दोन्हीकडे सैल होऊ शकतं, पण एकीकडे त्यातून हवा निघते आणि दुसरीकडे आम्ल.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. उजव्या कुशीवर जठर खरोखर लवकर रिकामं होऊ शकतं, कारण पुढचं तोंड त्या बाजूला खाली येतं. त्या मजकुरात खरं म्हणावं असं एवढंच आहे. पण निरोगी अकाली जन्मलेल्या बाळांवर हे तपासलं गेलं तेव्हा उजव्या कुशीवर जठर लवकर रिकामं झालं आणि तरीही द्रव वर येणं वाढलं. लवकर म्हणजे काही मिनिटांत नाही. पोटभर घट्ट जेवण जठरातून निम्मं जायलाच साधारण दोन तास लागतात आणि बाकीचं आणखी बराच वेळ राहतं. अर्धा तास उजव्या कुशीवर पडून त्यात जेवढा फायदा होईल, तेवढ्या वेळात अन्ननलिका आम्लात भिजून निघेल.

आणि भिजून राहील, हा भाग लोक विसरतात. जागेपणी आम्ल वर आलं तर गुरुत्वाकर्षण ते खाली खेचतं, आपण मिनिटाभरात एकदा तरी नकळत गिळतो, त्या लाटेने बहुतेक द्रव परत जठरात जातो, आणि भिंतीला चिकटून उरलेलं आम्ल गिळलेल्या लाळेतल्या क्षाराने मारलं जातं. शेवटचं काम लाळेचंच असतं, नुसत्या लाटेने ते होत नाही. आडवं झालं की गुरुत्वाकर्षणाची मदत गेली. डोळा लागला की लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणंही क्वचित होतं. गाढ झोपेत कडं आपणहून सैल होणं खूपच कमी होतं हे खरं, त्यामुळे "झोपेत झडप उघडी राहते" असंही मी कुणाला सांगू देणार नाही. घोटाळा होतो तो आडवं झाल्यावर झोप लागेपर्यंत आणि मधेमधे चाळवते तेव्हा. तेवढ्यात वर आलेलं आम्ल काकू पुन्हा झोपल्यावर तिथेच पडून राहतं. दिवसा जे एक-दोन मिनिटांत धुतलं गेलं असतं, ते रात्री कितीतरी जास्त वेळ भिंतीला लागून असतं. व्रण त्या वेळेतून होतात.

म्हणून जेवण आणि झोप यांत किमान तीन तास. पलंगाच्या डोक्याकडचे पाय पंधरा-वीस सेंटीमीटर उचलायचे, म्हणजे अख्खं धड उतरतं राहतं. उशांचा ढीग करू नये, त्याने माणूस कमरेत मुडपतो आणि पोटावर उलट दाब येतो. आणि कुशीवरच झोपायचं तर डाव्या.

सोड्याबद्दल थोडक्यात. आम्ल आणि सोडा भेटले की वायू होतो, वायूने जठर ताणलं जातं, आणि ताणलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. ढेकर येते आणि बरं वाटतं, कधी त्या ढेकरेबरोबर आणखी आम्लही वर येतं. शिवाय त्यात भरपूर सोडियम असतं आणि काकूला रक्तदाब आहे.

काहींचं कडं मात्र खरोखरच कमजोर असतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे, स्क्लेरोडर्मासारख्या आजारात, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही औषधांनी त्याचा दाब उतरतो. कुणाचा जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकलेला असतो आणि बाहेरचा वेढा कड्यावर न बसता खालीच राहतो, मग तो जहाल थरही पटलाच्या वर जाऊन बसतो. अशांना नुसतं झोपण्याचं वेळापत्रक पुरत नाही.

आणि गोळ्या. गोळ्या कडं आवळत नाहीत, वर येणाऱ्या द्रवातलं आम्ल कमी करतात, त्यामुळे जळजळ गेली तरी घशाशी पाणी येणं राहू शकतं. गोळ्या "काम करत नाहीत" असं लोक म्हणतात ते यावरून. पण व्रण भरतात ते आम्ल कमी झाल्यानेच. आम्ल कमी पडल्याने जळजळ होत असती तर ते वाढले असते. कित्येक महिन्यांच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या की काही आठवडे जठर नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं, आणि नेमकी तीच जळजळ बघून काकूला वाटलं की व्हिनेगरचं प्रमाण वाढवायला हवं. गोळ्या कमी करायच्याच असतील तर त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा शौचाला काळं झालं तर तेवढीही वाट न बघता.