पाचवी रेघ आडवी

'तुमचं आवडतं फळ कोणतं?' हा प्रश्न मी सोपा समजून निवडला होता. दुसरीचा वर्ग, फळ्यावर चार रेघा, मग वहीत चार रंगीत खांब, एका तासात काम फत्ते. मध्यंतरात इकडंतिकडं न बघता चहा प्यायचा, इथपर्यंत माझं नियोजन झालं होतं.

आमची शाळा पुरंदर तालुक्यातली. अंजीर आणि सीताफळाचा मुलूख. दुसरीचा पट 23, त्या दिवशी हजर 22. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ताळ्याच्या खुणा' असं लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. वर्गानं लगेच टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, टाळ्या नव्हे, ताळ्या. ताळा म्हणजे हिशेब बरोबर आहे ना ते पडताळून बघणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एकीनं हळूच आणखी एक टाळी वाजवली, बहुधा पडताळून बघायला.

"आंबा कोणाला आवडतो? हात वर करा." 18 हात. सीताफळाला 13, केळ्याला 11, द्राक्षाला 9. अंजिरापर्यंत पोचायच्या आधीच 51 झाले. वर्गात मुलं 22 आणि आवडी 51! मग नियम केला, एका मुलाचं एकच फळ, सगळ्यात जास्त आवडतं ते. तर पुढचा एक जण उभा राहिला, "बाई, उन्हाळ्यात आंबा आवडतो, पण आत्ता सीताफळ." त्याचं म्हणणं खोडून काढावं असं काही मला सुचलं नाही. "आत्ताचं सांग," एवढंच म्हणाले.

एकेकाला पुढं बोलावून बघितलं. पहिल्यानं आंबा म्हटलं, मग पाठोपाठ सहा जण आंबा. आठव्याचा डबा मी रोज बघते, त्यात केळं असतं आणि ते तो आवडीनं खातो. तोही आंबा म्हणाला. का रे? "आंबा जिंकतोय ना!"

तेव्हा ठरवलं, उघड मतदान बंद. प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला. आपल्या फळाचं चित्र काढा, घडी घाला, माझ्या रिकाम्या डब्यात टाका. डबा उघडला तर बहुतेक कपट्यांवर गोल. साधा गोल म्हणजे आंबा, गोलात टिंबं म्हणजे सीताफळ, आणि एका गोलाला देठ होता तो "अंजीर आहे, पण मला नाही आवडत, काढायला सोपं म्हणून काढलं." ह्याच्या घरी अंजिराची बाग आहे. "आमच्यात अंजीर विकायला असतं," तो म्हणाला. त्याला दुसरा कपटा दिला, त्यावर त्यानं द्राक्षं काढली. मग मात्र सगळ्यांना मागच्या बाजूला फळाचं नाव लिहायला लावलं. हे आधीच केलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

आता खुणा. एकानं कपटा वाचायचा, दुसरीनं फळ्यावर त्या फळापुढं एक रेघ मारायची, आणि वाचलेला कपटा लगेच झाकणात टाकायचा. झाकण महत्त्वाचं. नाहीतर तोच कपटा फिरून हातात येतो आणि फळांची लोकसंख्या वाढते. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी, हे मी दाखवलं होतं. शेवटी आंब्यापुढं एक जुडी आणि चार रेघा, सीताफळापुढं एक जुडी आणि एक, केळ्यापुढं चार, द्राक्षापुढं दोन आणि पेरूपुढं एक.

"सांगा, आंबा किती जणांना?"

"चार!"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सीताफळ?" "एक!" सगळ्यांचं एकमत, म्हणजे एखाद्याची चूक नव्हे, माझीच काहीतरी. फळ्यावरची बेरीज त्यांच्या हिशेबानं 12 होत होती. 22 मधली दहा मुलं गायब, म्हणजे बरोब्बर दोन जुड्या. मग डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर मी त्यांच्या वहीत चुकलेल्या उत्तरावर आडवी काट मारते. त्यांच्या दृष्टीनं पाचवी रेघ म्हणजे बाईंनी आधीच्या चार चूक दिल्या. मुलं माझ्याच शिकवणीशी प्रामाणिक होती.

मी समजावायला तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातला एक बोलला. हा गणितात एरवी गप्प असतो. "अरे, ती काट नाय. माझे बाबा टेम्पोत क्रेट चढवताना अशाच रेघा मारतात. पाचवं क्रेट आडवं. काट असती तर पाच क्रेटचे पैसे कुणी दिले असते?" पैशांचा उल्लेख आल्यावर वर्गाला पटलं. मी फक्त पुढं एक हात दाखवला: चार बोटं उभी, अंगठा त्यांच्यावर आडवा, मोजा. तरी दोघांनी अंगठा सोडून चारच मोजली. त्यांना प्रत्येक जुडीपुढं 5 लिहायला लावलं. आता आंबा नऊ, सीताफळ सहा, केळं चार, द्राक्ष दोन, पेरू एक. बेरीज 22. ताळा जुळला. टाळ्या वाजल्या, त्या मी थांबवल्या नाहीत.

चहाची वेळ केव्हाच टळली होती. स्तंभालेख दुपारी.

चौकटीच्या वहीत एका मुलासाठी एक चौकट रंगवायची, खालून वर, मधे चौकट रिकामी सोडायची नाही. इतकंच सांगितलं होतं. तरी एकानं द्राक्षाचा खांब आंब्याहून उंच नेला, कारण "घडात लई द्राक्षं असतात." एकीनं आंब्याची प्रत्येक चौकट दुप्पट मोठी केली, कारण आंबा पेरूपेक्षा मोठा. मी तिला म्हटलं, इथं फळ मोजत नाही, खाणारा मोजतो. तिला ते पटलं, पण रबर सापडलं नाही.

सगळ्यात छुपी चूक मात्र पहिल्या ओळीतल्या हुशार मुलीची. तिनं केळ्याचं नाव खालच्या पहिल्या चौकटीत लिहिलं आणि त्याच्या वरून चार चौकटी रंगवल्या. बाकीची नावं रेघेच्या खाली. चौकटी बरोब्बर चारच होत्या, पण तिचं केळं एक चौकट उंच होऊन जवळजवळ सीताफळाच्या खांद्याला लागलं. मी सगळ्यांना पट्टी वहीच्या तळाशी आडवी ठेवायला सांगितली: सगळे खांब एकाच जमिनीवर उभे आहेत का? तिचं केळं पाटावर उभं होतं.

शेवटचा प्रश्न, "आंबा सीताफळापेक्षा कितीनं जास्त?" वर्ग ओरडला, "पंधरा!" 'जास्त' शब्द ऐकला की आमचा वर्ग बेरीज करतो. पट्टी पुन्हा आडवी ठेवली, या वेळी सीताफळाच्या डोक्यावर. पट्टीच्या वर आंब्याच्या किती चौकटी उरल्या? तीन. मग सगळे शांत झाले आणि एकेक बोट ठेवून ते तीन पुन्हा पुन्हा मोजू लागले. तेवढ्यात मी गार चहा उभ्या उभ्या प्यायले.

रात्री जागून मोठ्या कागदावर वर्गाचा आलेख काढला. सकाळी भिंतीला लावणार, तर कालचा गैरहजर दारात उभा. कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "बाई, माझी चौकट कुठंय?" म्हटलं, सांग तुझं आवडतं फळ, आत्ता रंगवते. त्यानं आंब्याकडं पाहिलं, मग सीताफळाकडं, मग जरा वेळ छताकडं.

"विचार करून उद्या सांगतो."

कागद अजून माझ्या टेबलावर गुंडाळलेला आहे.