तवा द्या, पण कोरा नका देऊ

आमच्या वहिनीला स्वयंपाकाचा लई नाद. घरात चार माणसं असली तरी ती आठ जणांचं करून ठेवणार, त्यामुळे तिच्या वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न आम्हाला पडायलाच नको, तरी दरवर्षी पडतो. एकदा मी तिला भाजी चिरायचं इलेक्ट्रिक मशीन दिलं. ते अजून माळ्यावर आहे, खोक्यासकट. धुवायलाच जास्त वेळ लागतो म्हणे, तेवढ्यात विळीवर दोन जुड्या मेथी होते. बरोबरच आहे की.

मग या मार्चमध्ये लातूरच्या गंजगोलाईत जाऊन बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घेतला. भाकरीसाठी नाही हं, भाकरीला तिचा पातळ लोखंडी तवाच बरा, तो पटकन तापतो आणि गॅस कमी केला की पटकन उतरतोही. बीड जाड असतं, तापायला वेळ घेतं पण एकदा तापलं की धपाटं टाकल्यावरही गार पडत नाही, म्हणून धपाटे, धिरडी, थालीपीठ याला ते भारी. घेताना तवा हातात धरून बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर ठीक, बदबद वाजला तर कुठंतरी चीर असू शकते. आणि वजन बघा राव. ज्या बाईचं मनगट दुखतं तिला मोठा जड तवा देणं म्हणजे शिक्षा, लहान घ्या.

आता मुद्दा. हा तवा दुकानातून आणून तसाच कागदात गुंडाळून देऊ नका. कोऱ्या बिडावर पहिलं धिरडं असं चिकटतं की माणूस पुन्हा त्या तव्याकडं बघत नाही. आधी तेलात मुरवून द्या, सिझनिंग म्हणतात ते. मी काय केलं सांगतो: गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुतला, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण वाळवला. मग कापडाच्या बोळ्याने करडईचं तेल आतून, बाहेरून, मुठीला लावलं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून काढलं, इतकं की हाताला तेल लागू नये. मग मंद ते मध्यम गॅसवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवला (खिडक्या उघडा, नाहीतर बायको बोलेल) आणि आपोआप गार होऊ दिला. असं चार वेळा. तेल तापून त्याचा कडक थर बसतो, तोच खरा नॉनस्टिक. पहिल्या वेळी मी आळस करून तेल जाड ठेवलं तर गार झाल्यावर बोट चिकटायला लागलं, डागडाग पडले, पुन्हा घासून पहिल्यापासून केलं. नीट झालेला तवा गुळगुळीत, काळपट दिसतो आणि बोट फिरवलं तर कोरडा लागतो.

सोबत द्यायला किलोभर चिंच घेतली, आमच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची. तिला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, आणि मार्च म्हणजे नव्या चिंचेचे दिवस. ते परदेशी तेलाच्या आणि वाळलेल्या पानांच्या बाटल्यांचे हॅम्पर असतात ना, त्यापेक्षा हे रोज लागतं.

आणि इथंच मी माती खाल्ली. दोन्ही वस्तू एकत्र दिल्या आणि सांगायचं राहून गेलं. वहिनीनं हौसेनं दुसऱ्याच दिवशी चिंच-गुळाच्या कोळातल्या भरल्या मिरच्या त्याच तव्यावर केल्या, वर उरलेल्या रात्रभर तव्यातच ठेवल्या. सकाळी फोन, "भाऊजी, तुमचा तवा गंजला की हो, मिरच्या पण काळ्या पडल्या, लोखंडासारखं लागतंय." चूक माझी होती. आंबट पदार्थ तेलाचा नवा थर खाऊन टाकतो आणि खालचं लोखंड पदार्थात उतरतं. टोमॅटो, ताक, चिंच, सगळ्याचं तेच. मुरलेल्या तव्यावर अंबाडीची भाजी जरा परतली तर काही होत नाही, पण शिजवायचं आणि मुरवत ठेवायचं नाही.

वाया मात्र काही गेलं नाही. गंज काथ्याने आणि जाड मिठाने घासून काढला, वाळवला, पुन्हा तीन वेळा तेल. पहिला महिना तिला फक्त धिरडी आणि धपाटे करायला सांगितलं, प्रत्येक धपाट्याआधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेल फिरवायचं. धुताना थोडा साबण चालतो पण भिजत टाकायचा नाही, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं. ओट्यावरून पडला तरी फुटतो, लोखंडी तव्यासारखा नुसता वाकत नाही.

उरलेली चिंच तिनं चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून आईच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत भरलीये. बरणीवर पांढऱ्या पट्टीवर लिहिलंय, "तव्यात नाही."