दुधावर उकळतं पाणी ओताल तर गाडीतच पनीर पडेल

«गाडीत दूध सांडलं किंवा पोरानं उलटी केली तर लगेच उकळतं पाणी ओता. मग व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस येईस्तोवर घासा. कापूर ठेवून काचा बंद करा आणि दिवसभर गाडी उन्हात लावा. वास गेलाच म्हणून समजा!»

हे सगळं मी गेल्या उन्हाळ्यात अगदी क्रमानं केलंय. कोल्हापूरच्या गंगावेशीतून म्हशीचं दोन लिटर दूध किटलीत घेऊन निघालो, मध्ये एक रिक्षा आडवी आली, ब्रेक दाबला आणि किटली मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत लवंडली. तिसऱ्या दिवशी आमच्या आई गाडीत बसायला तयार नव्हत्या.

पहिली चूक पाण्याची. नासत आलेलं दूध तापवलं की फुटतं, हे घरात कुणालाही विचारा. सांडलेलं दूध आंबायला वेळ लागत नाही, आणि उलटीत तर पोटातलं आम्ल आधीच असतं. त्यावर उकळतं पाणी पडलं की प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. म्हशीच्या दुधातली भरपूर साय वितळून खाली उतरते ती वेगळीच. कार्पेटखाली नमद्यासारखा जाड थर असतो, सीटच्या कापडाखाली फोम असतो. वास तिथून येतो, वरून दिसणाऱ्या डागातून नाही. म्हणून आधी घट्ट भाग जुन्या कार्डानं खरवडून काढायचा, मग सुती फडकं दाबून टिपायचं. घासायचं नाही. त्यावर वाटीभर गार पाणी, पुन्हा टिपणं, फडकं कोरडं निघेपर्यंत. ओलं ओढणारा व्हॅक्युम मिळाला तर काम निम्मं होतं.

व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोन्ही एकत्र केले की एकमेकांनाच संपवतात आणि वायू उडून जातो. फेस बघून बरं वाटतं, हाती मात्र मिठासारखं खारट पाणी उरतं. दुधाचा आणि उलटीचा तो आंबट-कुबट वास बऱ्याच अंशी ब्युटिरिक आम्लाचा असतो. त्याच्याशी सोडा एकटा भिडला तर त्याचं लवण होतं, आणि ते हवेत उडत नाही, म्हणून वासही येत नाही. म्हणजे सोडा बरोबर, पण शेवटी आणि कोरडा. रात्रभर पसरून सकाळी ओढून घ्यायचा.

मधलं मुख्य काम एन्झाइमचं. प्रथिनं आणि चरबी तोडणारं एन्झाइम क्लीनर मिळतं. नसेल तर पाकिटावर एन्झाइम लिहिलेली कपड्यांची पावडर घ्या, अर्धा चमचा एक लिटर कोमट पाण्यात. कोमट म्हणजे हाताला सुखद, कढत नाही, कारण उष्णतेनं एन्झाइम निकामी होतात. जिथवर दूध गेलं तिथवर हे पाणी पोचलं पाहिजे. वर ओलं फडकं टाकून तीन-चार तास ठेवायचं, कारण वाळलं की काम थांबतं. मग साध्या पाण्यानं दोनदा धुऊन टिपायचं. आधी फिनेल किंवा ब्लीच मारलं असेल तर एन्झाइम नीट चालणार नाहीत.

पुढच्या सीटखाली पिवळ्या जोडणीच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. तिथं पाणी ओतू नका, त्या ओढूही नका.

काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी म्हणजे इडलीचं भांडं. आतला ओलावा कोंडतो, वास छताच्या कापडातही मुरतो आणि नमद्याला बुरशी धरते. कापूर वासावर वास चढवतो, एवढंच. ऊन हवंच, पण चारी दारं उघडी ठेवून, जोडीला टेबल फॅन लावून. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा कार्पेट उचलून खाली वीट सारायची. मॅट काढून अंगणात धुवा. रबरी असेल तर गरम पाणी आणि साबण चालतो, तिथं मुरायला काही नसतं.

माझ्या गाडीत दोन फेऱ्यांनंतरही दुपारी वास यायचा. पांढरा टिश्यू जागोजागी दाबून एकेक हुंगला. डाग होता तिथला स्वच्छ निघाला, पण पुढच्या सीटच्या रुळाजवळचा आंबट. उतारानं दूध तिथं गेलेलं. तिसरी फेरी तिथं केली आणि वास गेला.

करूळ घाटात भाच्याला उलटी झाली तेव्हा हीच पद्धत वापरली, पण सीट साफ होऊनही वास राहिला. शेवटी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. आत गुंडाळलेल्या हातभर पट्ट्यावर वाळलेला थर होता. साबणाच्या कोमट पाण्यानं पुसला, चिमट्यानं अडकवून दिवसभर वाळवला, मगच आत सोडला.