आयक्यूमधला पंधरा गुणांचा फरक आणि ‘जन्मजात’ हा शिक्का

फॉरवर्ड होत फिरणाऱ्या एका संदेशात असा दावा असतो: ‘अमेरिकेत गोऱ्यांचा सरासरी आयक्यू १०० आणि काळ्यांचा ८५. शंभर वर्षांत हा फरक हललेला नाही. बुद्धी ८० टक्के आनुवंशिक असते हे जुळ्यांच्या अभ्यासांनी सिद्ध केलंय, म्हणजे फरक जन्मजात आहे. गोऱ्या घरांत दत्तक गेलेली काळी मुलंही मागेच राहिली. पण हे बोलायची हिंमत कुणात नाही.’

हिंमतीचं राहू द्या. १९६९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी साधारण हाच युक्तिवाद उघडपणे छापला होता आणि तेव्हापासून त्याची उलटतपासणी चालू आहे.

सगळी मदार त्या ‘८० टक्क्यां’वर आहे, म्हणून आधी तेच पाहू. हा आकडा एका माणसाच्या बुद्धीची वाटणी सांगत नाही. एका विशिष्ट समूहात, त्या वेळच्या परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. दोन समूहांच्या सरासरीत फरक का पडला, याबद्दल तो काहीच बोलत नाही. उंचीचं उदाहरण घ्या. उंचीची आनुवंशिकताही ८० टक्क्यांच्या आसपास मोजली जाते. तरीही दक्षिण कोरियात १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे २० सेंटिमीटर उंच झाल्या. शंभर वर्षांत कोरियन जनुकं बदलली नाहीत. बदललं ते खाणं-पिणं आणि आरोग्य.

आयक्यूचंही तसंच झालं. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलांची रेव्हन चाचणी, म्हणजे आकृत्यांची कोडी सोडवायची बुद्धिचाचणी, घेत. १९५२ आणि १९८२ च्या तुकड्यांची तुलना बुद्धिचाचण्यांचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी केली, तेव्हा तीस वर्षांत गुण सुमारे २० नी वाढलेले निघाले. म्हणजे एकाच देशातल्या बाप आणि मुलाच्या पिढीत पंधरापेक्षा मोठा फरक. अमेरिकेतला फरक परिस्थितीमुळेच पडला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘इतका मोठा फरक जनुकांशिवाय पडूच शकत नाही’ हा दावा मात्र इथेच संपतो.

फरक हललेलाच नाही, हेही तितकंसं खरं नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम डिकन्स आणि फ्लिन यांनी २००६ मध्ये चार प्रमाणित चाचण्यांची आकडेवारी तपासली. त्यांच्या हिशेबानं १९७२ ते २००२ या काळात काळ्या अमेरिकनांनी ४ ते ७ गुणांची दरी भरून काढली. जेन्सन आणि त्यांच्याच मताचे मानसशास्त्रज्ञ रश्टन यांनी यावर आक्षेप घेतले. पण वाद ‘किती’चा असेल, तर ‘शंभर वर्षं जसाच्या तसा’ असं ठोकून देता येत नाही.

आता दत्तक मुलं. इथे संदेशकर्त्याच्या मनात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गोऱ्या घरांत दत्तक गेलेल्या मुलांवर झालेला अभ्यास असणार. सतराव्या वर्षाच्या सुमारास तिथे गोऱ्या दत्तक मुलांची सरासरी १०६, एक पालक काळा असलेल्यांची ९९ आणि दोन्ही पालक काळे असलेल्यांची ८९ आली. आकडे खरेच आहेत. फक्त, दोन्ही पालक काळे असलेली मुलं दत्तक गेली तीच उशिरा, आणि त्याआधी त्यांची जास्त ठिकाणी फरफट झाली होती. वंश आणि सुरुवातीच्या वर्षांतले हाल एकमेकांत असे गुंतले की कशाचा परिणाम किती, हे वेगळं काढता येत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. फॉरवर्ड करणारे तिथपर्यंत वाचत नाहीत.

ही गुंतागुंत बरीच कमी असलेला एक अभ्यास जर्मनीत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त सैन्यातल्या सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेली मुलं आईजवळ किंवा जर्मनीतच वाढली. क्लाउस आयफर्ट यांनी १९६१ मध्ये १८१ काळ्या सैनिकांच्या आणि ८३ गोऱ्या सैनिकांच्या मुलांचे निकाल छापले. सरासरी अनुक्रमे ९६.५ आणि ९७. वडिलांकडून अर्धी जनुकं येतात, म्हणजे फरक पूर्ण जन्मजात असता तर इथे सात-आठ गुणांची तफावत दिसायला हवी होती. यावर नेहमीचं उत्तर असं की सैन्यात काळे लोक चाचणीनं निवडून घेतले होते. फ्लिन यांनी तो हिशेबही मांडला. निवडीचा परिणाम एवढी तफावत पुसण्याइतका मोठा निघत नाही. नमुना लहान आहे आणि काही सैनिक फ्रेंच तुकड्यांतले उत्तर आफ्रिकन होते, ही या अभ्यासाची मर्यादा. तरी ज्यांचा सगळा डोलारा दत्तक मुलांवर उभा आहे, त्यांनी हा वगळावा हे नवलच.

उरला याच दाव्याला अलीकडे फुटलेला ‘आता डीएनएवरूनही दिसतं’ हा ताजा फाटा. शिक्षण आणि आयक्यूचा अंदाज बांधणारे जनुकीय गुणांक प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांना लावले की त्यांचा अंदाज फार कमकुवत होतो. इतकंच काय, सख्ख्या भावंडांत तुलना केली की शिक्षणाच्या गुणांकाची ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण त्यात घरच्या परिस्थितीचाही वाटा मिसळलेला असतो. अशा मापानं दोन समूहांची सरासरी ताडून पाहणं चुकीचं, आणि हे माप तयार करणारे संशोधकही तसं करू नका असंच सांगतात.