पत्रा जाड घेतला म्हणजे छप्पर टिकते, या संदेशाचा प्रतिवाद

“वादळात पत्रे उडतात कारण ते हलके असतात. 0.5 ऐवजी 0.8 मिमीचा जड पत्रा घ्या, तो कधीच उडणार नाही. पत्रा जाड असल्याने पर्लिन पाच फुटांऐवजी सात फुटांवर चालतात, लोखंड वाचते. कडेला जादा स्क्रू आणि जवळ पर्लिन ही फॅब्रिकेटरची बिल वाढवण्याची युक्ती आहे, मुंबई-ठाण्यात चक्रीवादळ येत नाही. तरी भीती वाटलीच तर पत्र्यावर वाळूच्या गोण्या ठेवा.”

हा मजकूर माझ्या मामांनी मला पाठवला तेव्हा ऐरोलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या समितीने गच्चीवरच्या शेडसाठी 0.8 मिमीच्या पत्र्याचा आणि सात फुटांवरच्या पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या आडव्या पाइपांचा, दर मागवूनही झाला होता. चार मजली इमारत, वर 8 मीटर रुंद आणि 20 मीटर लांब छप्पर आणि समोर खाडीचा मोकळा पट्टा. चुकीच्या सल्ल्याची किंमत तिथे खाली उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

वजनाचा मुद्दा सर्वांत निराधार आहे आणि बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहे, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण मांडतो. भारतीय मानक आयएस 875, भाग 3 (2015) मध्ये मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर दिला आहे. मोकळ्या भूभागात जमिनीपासून 15 मीटर उंचीवर तो 1.05 पटीने वाढवून घ्यावा लागतो. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणून दाब काढला आणि वाऱ्याच्या दिशेसाठीचा 0.9 हा गुणक लावला, की दर चौरस मीटरला सुमारे 118 किलो इतका भार मिळतो. हा भार छपराला खाली दाबतो असे नाही. छपराच्या कडेवरून वारा उसळून वेगळा होतो, तिथे भोवरे तयार होतात आणि पत्रा वर ओढला जातो. मामांच्या शेडसाठी मी हा ओढीचा गुणांक मधल्या भागात 1 आणि कडांना व कोपऱ्यांत 2 धरला, म्हणजे कोपऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे 235 किलोची ओढ आली. घडी घातलेला 0.5 मिमीचा पत्रा चौरस मीटरला साधारण पाच किलो भरतो आणि 0.8 मिमीचा साडेसात-आठ किलो. 235 किलोच्या ओढीसमोर हे तीन किलो वाढवल्याने छपराच्या सुरक्षिततेत मोजण्याजोगा फरक पडत नाही. छप्पर पत्र्याच्या वजनाने नव्हे, तर स्क्रू, पर्लिन, खालची चौकट आणि तिचे स्लॅबमधले अँकर या साखळीने जागेवर राहते.

जाडीचा उपयोग मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. स्क्रूच्या वॉशरभोवती फाटून वर निघण्याला आणि वाकण्याला जाड पत्रा जास्त विरोध करतो, आणि तो विरोध ढोबळमानाने जाडीच्या प्रमाणात, म्हणजे इथे 1.6 पट वाढतो. पण पर्लिन पाचाऐवजी सात फुटांवर नेल्यास पत्र्याला वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. 25 चे 49 होतात, म्हणजे जोर जवळजवळ दुप्पट होतो. जाडीने 1.6 पट मिळवले आणि अंतराने दुप्पट गमावले, तर महागडा पत्रा लावूनही छप्पर आधीपेक्षा कमकुवतच झाले. शिवाय बाजारात सांगितली जाणारी जाडी बहुधा जस्त-अॅल्युमिनियमचा थर आणि रंग धरून असते; 0.5 म्हणून घेतलेल्या पत्र्यात मूळ पोलाद साधारण 0.42 ते 0.45 मिमीच असते. म्हणून दर मागवताना मूळ पोलादाची जाडी लिहून घ्यावी.

चक्रीवादळात आणखी एक गोष्ट घडते, जी एका झोताच्या हिशेबात दिसत नाही. 25 डिसेंबर 1974 रोजी ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराची छपरे उडवली. तपासात आढळले, की स्थिर भाराच्या चाचणीत टिकणारे पातळ पत्रे तासन्‌तास चाललेल्या झोतांनी स्क्रूच्या डोक्याभोवती थकून तडकले होते. तडा वाढला, की पत्रा स्क्रूवरून सुटतो आणि स्क्रू पर्लिनमध्येच राहतो. त्यानंतर तिथे पत्र्यांची चाचणी पुनःपुन्हा बदलत्या भाराने घेण्याचा नियम आला. आज त्या देशाच्या चक्रीवादळी पट्ट्यातही 0.42 मिमी पोलादाचे पत्रे वापरतात. पर्लिन जवळ घेतात, स्क्रू वाढवतात आणि स्क्रूखाली रुंद वॉशर घालतात. ‘जाड पत्रा, दूर-दूर पर्लिन’ या सूत्राला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडे वादळ येत नाही, या विधानात अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य करतो. मानकाने चक्रीवादळासाठीचा जादा गुणक पूर्व किनाऱ्यासाठी आणि गुजरातसाठी सुचवला आहे, मुंबईसाठी नाही, आणि वरच्या हिशेबात मी तो धरलेलाही नाही. पण ताशी 158 किलोमीटर हा आकडा त्या गुणकाशिवायचाच आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून समुद्रातून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचे झोत नोंदले गेले.

आता कडेच्या स्क्रूंविषयी. मानकात जास्त ओढीचा पट्टा छपराच्या रुंदीच्या 15 टक्के किंवा उंचीइतका, यांपैकी जे कमी असेल तेवढा धरतात. मामांच्या शेडला तो प्रत्येक कडेने 1.2 मीटर येतो. 8 मीटरमध्ये पर्लिनचे चार गाळे पाडले, म्हणजे अंतर 2 मीटर ठेवले आणि स्क्रू 40 सेंटिमीटरवर मारले, तर कोपऱ्यातल्या एकेका स्क्रूवर सुमारे 190 किलोची ओढ येते. तिथेच पर्लिन 75 सेंटिमीटरवर आणि स्क्रू प्रत्येक उंचवट्यावर, म्हणजे 20 सेंटिमीटरवर घेतले, तर ती 35 किलोवर उतरते. म्हणून मी दोन्ही लांब कडांना 75 सेंटिमीटरचे दोन-दोन गाळे आणि मध्ये 1.25 मीटरचे चार गाळे सुचवले. आखूड बाजूंना पर्लिनचे अंतर बदलता येत नाही, म्हणून तिथे 1.2 मीटरच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्यावा लागतो. शेवटच्या पर्लिनबाहेर पत्रा एक फुटापेक्षा जास्त काढू नये, आणि पर्लिनच्या पाइपची भिंत 2 मिमीपेक्षा पातळ घेऊ नये, नाहीतर स्क्रूच उपटून येतो.

लोखंड वाचण्याचा दावाही टिकत नाही. माझ्या मांडणीत 9 पर्लिन लागतात, संदेशातल्या मांडणीत 5. चार जादा पर्लिन, प्रत्येकी 20 मीटर, 60 बाय 40 चा 2 मिमी जाडीचा पाइप, मीटरला सुमारे 3 किलो, असे एकूण 240 किलो होतात. 160 चौरस मीटरवर 0.5 चा पत्रा 0.8 चा केल्यास घड्या धरून सुमारे 450 किलो पोलाद वाढते.

वाळूच्या गोण्यांबद्दल एवढेच सांगतो, की त्या पत्र्याला खड्डे पाडतात, पाणी अडवून गंज धरायला लावतात आणि पत्रा सुटला तर चौथ्या मजल्यावरून खाली पडतात.

ज्यांचे छप्पर आधीच झाले आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी कडेच्या दोन ओळींतले स्क्रू जवळून पाहावेत. वॉशरखाली पत्रा बशीसारखा दबलेला असेल, छिद्र लांबट झाले असेल किंवा त्यातून चांदणीसारखे बारीक तडे निघाले असतील, तर स्क्रू आवळून उपयोग नाही, कारण तडा वॉशरखाली लपतो आणि वाढत राहतो. तो पत्रा बदलावा आणि त्या कडेला मध्ये एक जादा पर्लिन घालावा.