मांजराच्या बद्धकोष्ठावरचा तो मेसेज आणि मावशीच्या ओट्यावरची बाटली

"मांजराला संडास होत नसेल तर डॉक्टरकडे पैसे घालवू नका. १) पिकलं केळं, तूप किंवा एरंडेल पाजा. २) मेडिकलमधून माणसांचा एनिमा आणून अर्धी बाटली मारा, दहा मिनिटांत मोकळं. ३) पातळ बाहेर आलं की पोट साफ झालं समजा. ४) एक्स-रे म्हणजे लूट. आतडं फुगलंय म्हणून घाबरवतात आणि कापतात, मग मांजर जन्मभर हगत बसतं. जास्तीत जास्त शेअर करा."

मे महिन्यात हा मेसेज मला तीन-चार जणांनी पाठवला, मी पुसून टाकत गेलो. मग तो अमळनेरच्या मावशीकडून आला, सोबत फोटो. तिच्या ओट्यावर एनिमाची बाटली, झाकण काढून तयार. खाली लिहिलेलं : "गोट्याले तीन दिन व्हयनात, पोट साफ व्हयनंच नही. अर्धी देऊ का पुरी?" भाचा धुळ्यात जनावरांचा डॉक्टर आहे, पण भाच्यानं फोन उचलला नव्हता आणि मेसेज हजर होता. मी तिला फोन करून जे बोललो ते मोठ्या माणसाशी बोलायचं नसतं. बाटली मोरीत ओतायला लावली आणि बोक्याला टोपलीत घालून मिळेल त्या गाडीनं बोलावलं. परवा तोच मेसेज वहिनीच्या भिशीच्या गटावर पुन्हा उगवला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

सुरुवात बाटलीपासून करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी मांजर हाल सोसेल, पण या एकानं ते त्याच दिवशी मरू शकतं. दुकानात सहज मिळणाऱ्या त्या बाटलीत सोडियम फॉस्फेटचं दाट द्रावण असतं. ते आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यानं मळ सुटतो. साठ किलोच्या माणसाला ते पाचदहा मिनिटांत बाहेरही पडतं, विषय संपतो. गोट्या चार किलोचा. शंभर मिलिलिटरची बाटली त्याच्यात रिकामी करणं म्हणजे वजनाच्या हिशेबानं माणसाच्या आत दीड लिटर सोडण्यासारखं. त्यात बाहेरची वाट मळाच्या दगडानं बंद, म्हणजे गेलेलं द्रावण आतच थांबणार आणि भिंतीतून रक्तात उतरत राहणार. रक्तात फॉस्फेट चढलं की ते कॅल्शियमला धरून ठेवतं, कॅल्शियम घसरतं आणि अंगाला थरथर सुटून झटके येतात. सोडियम चढतं, अंगातलं पाणी आतड्यात जातं, आधीच सुकलेलं जनावर आणखी सुकतं. तासाभरात मांजर मलूल होतं, झोकांड्या खातं, ओकतं. "अर्धी दिली, म्हणजे सौम्य" असं इथे चालत नाही. मांजरासाठी फॉस्फेट एनिमाचा सुरक्षित डोस नाहीच. चुकून दिला गेला असेल तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

दवाखान्यातही एनिमा देतात, पण तो कोमट पाण्याचा किंवा सलाईनचा. किलोमागे पाच ते दहा मिलिलिटर, म्हणजे गोट्याला एका वेळी फार तर चाळीस. मऊ रबरी नळीला वंगण लावून तो सावकाश सोडतात. जोरात सोडला तर मांजर ओकतं, आणि ताणून पातळ झालेलं आतडं फाटूही शकतं.

तिसरा मुद्दा वाचून मी कपाळावर हात मारला. मोठ्या आतड्यात मळ अडून दगड झाला की त्याच्या दाबानं भिंत चिडते आणि चिकट, पातळ स्राव सोडते. तो दगडाच्या कडेनं झिरपत बाहेर येतो. घरच्यांना वाटतं, सुटलं एकदाचं, किंवा हगवण लागली. मग कोणी हगवण थांबवायची गोळीही देतं. प्रत्यक्षात दगड जागच्या जागी असतो आणि मांजर खाणं सोडून ओकायला लागलेलं असतं.

याच ठिकाणी दुसरी एक चूक होते, जिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. बोका मातीच्या घमेल्यात वारंवार बसून कुंथतोय, काहीच होत नाही, की लोक बद्धकोष्ठ ठरवून मोकळे. अनेकदा त्याची लघवी तुंबलेली असते. तशा बोक्याच्या हाती दोन-तीन दिवसच असतात. घमेल्यातली माती ओली होतेय का, हे आधी बघा. कोरडी असेल तर रात्र असली तरी निघा.

केळं, तूप, एरंडेल थोडक्यात उरकतो. जळगावचं केळं आपल्याला सगळ्यावर औषध वाटतं, पण अडलेल्या मांजराला त्याचा उपयोग नाही. तूप वरच पचून जातं, ते खालपर्यंत वंगण घेऊन जात नाही. एरंडेल आतड्याला पिळून काढतं, पुढे दगड असताना पिळून निघतात त्या नुसत्या कळा. आणि कुठलंही तेल तोंड उघडून जबरदस्तीनं पाजलं तर ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. बिनचवीच्या पातळ पॅराफिनचं तर जास्तच, कारण ते श्वासनलिकेत गेलं तरी मांजर खोकत नाही. लाल डांगर उकडून चमचाभर घालायला हरकत नाही. इसबगोलाचं म्हणाल तर साध्या, नुकत्या सुरू झालेल्या बद्धकोष्ठात भरपूर पाण्यासोबत ते कामाला येतं, हे मान्य. पण आतडं ताणून ढिलं पडलं असेल तर इसबगोल फक्त दगडाचा आकार वाढवतं.

आता एक्स-रे. याला लूट म्हणणाऱ्यानं गोट्याची फिल्म पाहायला हवी होती. मांजर कुशीवर झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये मोठं आतडं सर्वांत रुंद कुठे आहे ते मोजायचं आणि त्याला कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीनं भागायचं. मांजर लहान असो की मोठं, मणका त्याच्याच मापाचा असतो, म्हणून हिशेब बिघडत नाही. हे गणित २०११ साली 'व्हेटरिनरी रेडिओलॉजी अँड अल्ट्रासाउंड' या नियतकालिकात आलं. भागाकार १.२८ च्या खाली असेल तर आतडं नेहमीचं, १.४८ च्या वर गेला तर मेगाकोलन, म्हणजे ताणून ढिलं पडलेलं मोठं आतडं, असण्याची शक्यता बरीच. गोट्याचा मणका २.१ सेंटिमीटर, आतडं ४.४. भागाकार दोनच्या वर.

पण फिल्मनं त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. गेल्या पोळ्याला गोट्याला मोटारसायकलनं उडवलं होतं. चार आठवडे लंगडला, मग चालायला लागला, मावशी म्हणाली हाड आपोआप जुळलं. जुळलं खरं, पण आत वळून. कंबरेच्या हाडांमधून मळ ज्या वाटेनं खाली उतरतो ती निम्मी बुजली होती. दसऱ्यापासून तो कुंथत होता, आठवड्यातून एकदा-दोनदा गोट्यांएवढे खडे टाकत होता, आणि मावशी केळं चारत होती. मेगाकोलनच्या दहातल्या सहा मांजरांत कारण सापडत नाही, आतड्याचा स्नायूच काम सोडतो. सुमारे पाव मांजरांत मात्र कंबरेची वाट अरुंद झालेली असते. हा फरक पोट चाचपून नीट कळत नाही आणि पुढचा सगळा उपचार त्याच्यावर ठरतो.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. एकाच फिल्मवर मेगाकोलनचा शिक्का मारून ऑपरेशनची तारीख देणारे आमच्यात आहेत. मळ तुंबला की चांगलं आतडंही तात्पुरतं फुगतं. भागाकार १.२८ ते १.४८ च्या मधे असेल तर ठामपणे काही सांगताच येत नाही. आधी पोट रिकामं करायचं, औषध सुरू करायचं, काही आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायची.

गोट्याचंही तसंच केलं. अमळनेरला पारा पंचेचाळिसाला टेकलेला, बोका इतका सुकला होता की मान धरून कातडी वर ओढली तर तशीच उभी राहायची. पहिला दिवस शिरेतून सलाईन देण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी भूल, श्वासनलिकेत नळी (ओकला तर फुप्फुसात जाऊ नये म्हणून), आणि कोमट सलाईन सोडत, पोटावरून हलक्या हातानं दाबत, बोटानं थोडाथोडा मळ काढला. एका बैठकीत सगळा काढायचा हट्ट धरला की भिंत फाटते. उरलेला तिसऱ्या दिवशी काढला.

मग लॅक्टुलोज. हे माणसांचंच औषध, मेडिकलमध्ये मिळतं, म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याचा दुकानाचा पत्ता तरी बरोबर होता. किलोमागे अर्धा मिलिलिटर, गोट्याला दोन मिलिलिटर, दिवसातून दोनदा. मळ वाटीतल्या दाट खिचडीसारखा राहील इतपत डोस कमीजास्त करायचा, पातळ व्हायला लागला तर कमी. हे रोज द्यायचं असतं, अडल्यावर एकदा नव्हे. आतड्याला हलवणारं सिसाप्राइड मांजरांत चांगलं चालायचं, पण माणसांच्या हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे त्यावर २०११ मध्ये बंदी आली. त्याच्या जागी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टरनं ठरवायची. आणि पुढे दगड असताना किंवा वाटच अरुंद असताना आतडं हलवणारं औषध घरी देऊन बघायचं नाही.

दीड महिन्यात गोट्या दोनदा पुन्हा अडला. तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला, त्याआधी नाही. वाट अरुंद होऊन अडायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत मांजर आलं तर नुसती कंबरेची वाट रुंद करून भागू शकतं, आतडं पुन्हा आकसतं. सहा महिने उलटले की ते बहुधा परत येत नाही. दसरा ते मे, सात महिने झाले होते. म्हणून मुंबईत ओळखीच्या सर्जनकडे मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग काढला. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप राखता आली तर नंतरची हगवण कमी राहते, ती गोट्याची राखली. ऑपरेशनच्या आधी एनिमा देत नाहीत, कारण पातळ झालेला मळ पोटात सांडतो, घट्ट मळ सांभाळता येतो. पहिले चार-पाच दिवस टाका सुटून पोटात पू होण्याची भीती खरी असते, ती मावशीला सही घेताना सांगितली होती.

नंतरच्या हगवणीचं मेसेजमध्ये अर्धंच खरं लिहिलंय. पहिले काही आठवडे गोट्या दिवसातून सहा-सहा वेळा पातळ करायचा, मावशीनं अंगणात दुसरं घमेलं ठेवलं. हळूहळू लहान आतडं पाणी शोषायला शिकतं. आता दोन-तीन वेळा होतं, मऊ पण आकाराचं. काही मांजरं नंतरही पुन्हा अडतात, म्हणून लॅक्टुलोजची बाटली घरात आहे.

वहिनीच्या गटावर मावशीनं गोट्याची जुनी फिल्म टाकली, खाली सगळी हकीकत लिहिली. पहिलं उत्तर आलं : केळं देशी होतं का संकरित?